मशीनचे E-03 वाले आकडे साध्या दशांशात हवेत, तीन सार्थ अंक राखून

निळी_बाटली

नमस्कार मंडळी. मी पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. आमचं आयसीपी मशीन धातूंचे आकडे सीएसव्हीमध्ये असे काढून देतं:

```
Sample,Cd,Pb,Mn,Zn
W-101,8.137E-05,4.530E-03,9.996E-02,2.675E+00
```

सगळे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. आजवर हे जसंच्या तसं अहवालात चिकटवत होतो. गेल्या महिन्यात एका ग्राहकाचा फोन आला की चारही रकान्यांत "ई" आलाय, म्हणजे एरर आहे, चाचणी परत करून द्या. तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं, यापुढे साधे दशांश लिहायचे आणि प्रत्येक आकड्याला तीन सार्थ अंक ठेवायचे.

एक्सेलमध्ये रकान्यांना `0.000` फॉरमॅट दिलं तर कॅडमियम `0.000` दिसतं, शिसं `0.005`, मँगनीज `0.100` आणि जस्त `2.675`. म्हणजे एकात एकही सार्थ अंक नाही, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. मला हवंय ते असं: `0.0000814`, `0.00453`, `0.100`, `2.68`.

दिवसाला पन्नासेक नमुने असतात आणि प्रत्येकात वीसेक धातू. हाताने शून्यं मोजत बसले तर घरी जायला रात्र होईल. परवाच एक शून्य जास्त पडलं होतं, सहीला जाण्याआधी दिसलं म्हणून वाचले. पायथन जेमतेम येतं. कुणी सोपा मार्ग सांगेल का?

मोहर

अगदी हाच त्रास मला पण! आमच्या पतसंस्थेच्या यादीत खाते क्रमांक `5.01E+13` असे दिसतात. सेलवर राइट क्लिक, फॉरमॅट सेल्स, नंबर, दशांश स्थळं शून्य. झालं काम. एवढा मोठा धागा कशाला?

भागिले_शून्य

@मोहर, त्यांचा प्रश्न वेगळा आहे हो. खाते क्रमांक हा मोजलेला आकडाच नाही.

@निळी_बाटली, एका ओळीचं काम आहे. `g` फॉरमॅट सार्थ अंकांसाठीच बनवलंय:

```python
print('%.3g' % float('4.530E-03'))   # 0.00453
```

तीनच्या जागी हवा तो आकडा टाका. सी, ऑक, पायथन, सगळीकडे हेच चालतं. वीस वर्षं वापरतोय.

निळी_बाटली

धन्यवाद! लगेच चालवून पाहिलं. शिसं बरोबर आलं, पण बाकीचे तिघे रुसले:

```
8.14e-05
0.00453
0.1
2.67
```

कॅडमियमचा ई गेलाच नाही, फक्त लहान लिपीत आला. 😅 मँगनीजची दोन शून्यं गायब झाली. आणि जस्त `2.67` कसं? `2.675` चं `2.68` व्हायला हवं ना?

भागिले_शून्य

शून्यं हवी असतील तर `'%#.3g'` लिहा, मग `0.100` येईल. कॅडमियमचं मात्र... थांबा, बघतो.

दशमान

बघण्यासारखं फार नाही, `g` चा तो स्वभावच आहे. घातांक उणे चारच्या खाली गेला की तो आपणहून ई-लेखनावर जातो. वरच्या बाजूलाही तसंच, तीन अंक मागितले तर हजारापासून पुढे `1.23e+03`. तेव्हा `0.0001` च्या खालचे आकडे ज्यांच्याकडे रोज येतात त्यांच्या उपयोगाचा तो नाही. `#` ने शेपटीची शून्यं राहतात हे खरं, पण `123` चं `123.` होतं. अहवालात तो टिंब बघून आणखी एक फोन येईल.

जस्ताचं दुखणं निराळं आहे. `float` मध्ये `2.675` मावतच नाही. संगणकाच्या पोटात तो आकडा बायनरीत `2.67499999999999982...` असा साठतो. तो अर्ध्याच्या किंचित खाली आहे, म्हणून गोल करताना `2.67` कडे झुकतो. पायथनची चूक नाही. आपण मजकुराचं `float` केलं तिथेच गाडी घसरली.

सीएसव्हीमध्ये तुमच्याकडे आकडा मजकूर म्हणूनच येतो. त्याला `float` च्या वाटेला जाऊच देऊ नका, थेट `Decimal` करा:

```python
from decimal import Decimal, Context, ROUND_HALF_EVEN

def sadha(s, n=3):
    c = Context(prec=n, rounding=ROUND_HALF_EVEN)
    d = c.create_decimal(s)
    if d == 0:
        return s
    q = Decimal(1).scaleb(d.adjusted() - n + 1)
    return format(d.quantize(q), 'f')
```

`create_decimal` तीन अंकांवर गोल करतं. `quantize` कमी पडलेली शून्यं भरतं, म्हणजे मशीनने `5E-02` दिलं तर `0.0500` होईल. शेवटचा `'f'` ई येऊ देत नाही. यातला क्रम बदलू नका. आधी गोल करायचं, मगच पहिला अंक कुठल्या स्थानावर आहे ते विचारायचं.

खडू_फळा

हे सगळं एक्सेलमध्येही होतं. आमच्या बारावीच्या प्रात्यक्षिकांना मी हे सूत्र द्यायचो:

```
=FIXED(A2, 2-INT(LOG10(ABS(A2))), TRUE)
```

लॉगने पहिला अंक कुठल्या स्थानावर आहे ते कळतं, त्यावरून दशांश स्थळं ठरतात. कॅडमियम `0.0000814`, शिसं `0.00453`, जस्त `2.68`. संगणकाची भाषा शिकायची गरज नाही.

दशमान

सर, चौथा आकडा टाकून बघा. मँगनीजला `0.1000` येईल.

खडू_फळा

आलं खरं. चार अंक झाले. का बरं?

दशमान

`0.09996` चा लॉग उणे एकच्या जरासा खाली, म्हणून `INT` त्याला उणे दोन करतं आणि सूत्र चार दशांश स्थळं ठरवतं. त्यानंतर गोल करताना नऊ-नऊ-नऊ-सहाचा हातचा वर चढतो आणि आकडा `0.1` वर जातो. पहिला अंक एक घर डावीकडे सरकला, पण दशांश स्थळं आधीच ठरून बसली होती. वर क्रम बदलू नका म्हटलं ते यासाठीच.

हा आकडा मुद्दाम शोधून काढल्यासारखा वाटतो खरा, पण पाण्यात मँगनीजची स्वीकार्य मर्यादा `0.1` आहे. म्हणजे ज्या आकड्यावर सगळ्यांची नजर असते, तिथेच हा खड्डा.

एक्सेलमध्येच राहायचं असेल तर लॉग सोडा. गोल केल्यानंतरचा घातांक एक्सेललाच विचारा:

```
=FIXED(A2, 2-RIGHT(TEXT(A2,"0.00E+00"),3), TRUE)
```

`TEXT` ने मँगनीज आधी `1.00E-01` होतं, त्याची शेवटची तीन अक्षरं `-01`, म्हणून दशांश स्थळं तीन. उत्तर `0.100`.

खडू_फळा

वा. ई काढायला ईचाच उपयोग. काट्याने काटा! वहीत उतरवून घेतलं.

सांडपाणी_२४

मोहर यांच्या प्रतिसादावरून आठवलं. आमच्याकडे नमुन्यांचे क्रमांक वर्ष, प्रकार, अनुक्रम असे असतात. सांडपाण्याला "ई". तर `24E05` नावाचा नमुना सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की `2.40E+06` होतो. फॉरमॅट बदलून `2400000` दिसतं, पण मूळ नाव परत येत नाही. `240E04` चं पण तेच होतं. एकदा दोन कारखान्यांचे निकाल एकमेकांना गेले होते. पुढचं सांगत नाही.

दशमान

यावर इलाज एकच. फाइलवर डबल क्लिक करायचं नाही. रिकाम्या वर्कबुकात डेटा टॅबमधून मजकूर/सीएसव्ही आयात करायची आणि त्या रकान्याचा प्रकार टेक्स्ट ठेवायचा. पुढच्या वर्षापासून ई हे अक्षरच बदलून टाका.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट निळी_बाटली यांनी बघावी. `8.137E-05` असलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की सेलला आपोआप `0.00E+00` फॉरमॅट बसतं आणि `8.14E-05` दिसतं. आत अजून चार अंक आहेत. पण जाता जाता कुणी सेव्ह केलं, तर सीएसव्हीमध्ये दिसतं तेच लिहिलं जातं. चौथा अंक कायमचा गेला.

निळी_बाटली

अय्या! म्हणजे म्हणूनच काही फायलींत दोन दशांश आहेत आणि काहींत तीन. मला वाटायचं मशीनचा मूड. आमच्याकडे नोंदवहीत क्रमांक टिपायला सगळेच फाइल उघडतात आणि बंद करताना "सेव्ह?" ला हो म्हणतात.

`Decimal` वाला कोड बसवला. हवे तसे चारही आकडे आले. पण पूर्ण फाइल चालवली तर मधेच हे येऊन थांबलं:

```
decimal.InvalidOperation: [<class 'decimal.ConversionSyntax'>]
```

नेमका आकडा छापून बघितला तर `1.204E-02`. त्यात काय वाकडं आहे?

दशमान

आकड्यानंतर एखादी मोकळी जागा असेल. `Decimal('1.204E-02 ')` चालतं, पण `create_decimal` ला मागे-पुढे मोकळी जागा खपत नाही. `s.strip()` करून द्या. चूक माझी, मीच लिहायला हवं होतं.

निळी_बाटली

बरोबर! शेवटी एक स्पेस होती. डोळ्यांना दिसत नव्हती.

जुनं_खोड

उशिरा आलो. सरकारी प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढली, तेव्हा दोन शब्द बोलतो.

पहिलं. बाई, तुम्ही कॅडमियम `0.0000814` लिहिणार, पण तुमच्या मशीनची कॅडमियमची परिमाणन मर्यादा किती आहे?

निळी_बाटली

काका, पडताळणीच्या कागदात `0.0005` आहे.

जुनं_खोड

मग हा आकडा तिच्या सहापट खाली आहे. तो मशीनचा गोंगाट आहे. उद्या हेच पाणी परत लावलं तर `0.00002` येईल, कदाचित उणेसुद्धा येईल. त्याला तीन सार्थ अंक देणं म्हणजे धुक्याला फूटपट्टी लावणं. अहवालात `< 0.0005` लिहा. तुम्ही शून्यं मोजताय त्यातले निम्मे आकडे असे निघतील बघा. ही तुलना गोल करण्याआधीच्या आकड्याशी करायची, नंतरच्या नव्हे.

दुसरं. अर्ध्यावरचा पाच. शाळेत "पाच आला की वर" शिकवतात. आपल्याकडे मानक ब्यूरोचं आयएस २ आहे, त्यात पाचानंतर काहीच नसेल तर आधीचा अंक सम ठेवायचा. `2.675` चं `2.68`, पण `2.665` चं `2.66`. एक्सेल ते `2.67` करेल. दशमान यांनी कोडमध्ये सम-नियम ठेवलाय तो बरोबर आहे.

भागिले_शून्य

काका, हा सम-विषमचा काथ्याकूट कशाला? बरोब्बर अर्ध्यावर पडणारा आकडा येतो कितीदा?

जुनं_खोड

तुम्ही पंधरा अंकी आकडे हाताळत असाल तर सहसा येणार नाही. इथे मशीन चार अंक देतंय आणि ठेवायचेत तीन. टाकायचा अंक एकच, आणि तो दहातून एकदा पाच असणार. यांच्याकडे दिवसाला हजार आकडे निघतात, म्हणजे शंभरेक वेळा. सगळे वर ढकलले तर सरासरी वर सरकते.

दशमान

काकांच्या हिशेबाला एक पुरवणी. तो पाच खरा पाच आहे का? मशीनने चार अंक देताना आधीच एकदा गोल केलंय. आपण दुसऱ्यांदा करतोय. `7.546` चं तीन अंकांत `7.55`, त्याचं दोन अंकांत `7.6`. थेट दोनांत केलं तर `7.5`. आयएस २ मध्येही असं टप्प्याटप्प्याने गोल करू नका म्हटलंय. निर्यातीच्या सेटिंगमध्ये अंक वाढवता येतात का, बघाल?

निळी_बाटली

बघते. सेटिंगला पासवर्ड आहे आणि तो साहेबांकडे.

खडू_फळा

मला एक कळत नाही. शिसं `0.00453` लिहिण्याऐवजी मायक्रोग्रॅममध्ये `4.53` का लिहीत नाही? शून्यांचा प्रश्नच मिटला.

जुनं_खोड

सर, पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५००, त्याच्या तक्त्यात शिसं `0.01` मिलिग्रॅम. ग्राहक त्या तक्त्याशी अहवाल ताडून बघतो. त्याला `4.53` आणि `0.01` शेजारी दिसले की तो फोन करणार नाही, थेट वर्तमानपत्रात जाईल.

सांडपाणी_२४

मर्यादेचा विषय निघालाच आहे तर विचारतो. शिसं `1.040E-02` आलं. तीन अंकांत `0.0104`. मर्यादा `0.01`. नापास ना?

जुनं_खोड

पास. मानकाच्या प्रस्तावनेतच आहे, निकाल मर्यादेत आहे की नाही हे ठरवताना तो आयएस २ प्रमाणे गोल करायचा आणि मर्यादेत जेवढी स्थानं दिली आहेत तेवढीच ठेवायची. `0.0104` चं `0.01` होतं. पास.

सांडपाणी_२४

आणि अहवालात `0.0104` छापलेलं असेल, शेजारी मर्यादा `0.01`, आणि खाली "पाणी पिण्यायोग्य"? ग्राहकाला चौथीचं गणित येतं हो.

दशमान

मला स्वतःला हे पटत नाही. आयएसओ १७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीनुसार पास-नापास लिहिणार असाल तर निर्णयाचा नियम आधी ठरवून नोंदवावा लागतो, आणि त्यात मापनाची अनिश्चितता कशी धरली ते सांगावं लागतं. शिसं `0.0104` अधिक-उणे `0.001` असेल तर ते मर्यादेच्या कुठल्या बाजूला आहे ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

जुनं_खोड

नियम नोंदवा, जरूर नोंदवा. पण मानकात लिहिलंय ते लिहिलंय. आम्ही तसंच करत आलो, लेखापरीक्षकांनी कधी हरकत घेतली नाही.

दशमान

आमच्याकडे घेतली होती. दोघांनी दोन वेगळ्या घेतल्या.

मोहर

माझ्या खाते क्रमांकांचं पण बघा कुणीतरी. दशांश शून्य केल्यावर दिसतात, पण सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक प्रत्येक ओळीत शून्य आहे. योगायोग आहे का?

भागिले_शून्य

योगायोग नाही मोहर. एक्सेल पंधरा अंकांपुढे काही धरत नाही. तो अंक गेला. मूळ फाइल शोधा आणि रकाना टेक्स्ट करून परत आयात करा. आणि कार्ड क्रमांक एक्सेलमध्ये कशाला ठेवलेत?

निळी_बाटली

आज साहेबांकडून पासवर्ड मिळाला. निर्यातीत सहा अंक करून तोच नमुना तीच जुनी मोजणी वापरून परत काढला. जस्ताचा रकाना बघा:

```
2.67466E+00
```

म्हणजे चार अंकांत `2.675` दिसत होतं, पण खरं तीन अंकी उत्तर `2.67`. मँगनीज `9.99571E-02`, ते `0.100` च राहिलं. कॅडमियमला आता `< 0.0005` लागतंय, काका.

भागिले_शून्य

माझ्या `%.3g` ने पहिल्याच दिवशी `2.67` सांगितलं होतं. 😎

दशमान

बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं.

निळी_बाटली

😂 शिशाच्या मर्यादेचं साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "असा आकडा आला की नमुना परत लावा." परत लावून `0.0104` च आला तर काय करायचं, ते सांगितलं नाही.